'बहाला ना' म्हणणारा माणूस शूर, शरण गेलेला की अंग काढून घेणारा?

सागरगोटा

मी एका बल्क कॅरियरवर थर्ड मेट आहे. अधिकाऱ्यांत आम्ही दोघं मराठी, बाकी मिसळ. खलाशांचा मुकादम म्हणजे बोसन, त्याच्यापासून कुकपर्यंतचा सगळा क्रू मात्र फिलिपिनो. त्यांच्या तोंडी एक शब्द सारखा असतो, 'बहाला ना'. कुणाला विचारलं तर 'देवाच्या भरवशावर सोड' असा अर्थ सांगतात आणि हसतात.

गेल्या सेफ्टी मीटिंगमध्ये आमच्या कॅप्टनने (युरोपियन आहे) जाहीर करून टाकलं, की हा शब्द माझ्या जहाजावर ऐकू येता कामा नये, नशिबावर विसंबणारा माणूस धोकादायक असतो. बोसन 'येस सर' म्हणाला. बाहेर पडल्यावर एबीने, म्हणजे डेकवरच्या एका खलाशाने, मला डोळा मारला आणि तोच शब्द पुटपुटला.

मला कॅप्टनचं पूर्ण पटत नाही. हीच माणसं वादळात डेकवर जायला पहिली पुढे होतात आणि तेव्हाही हेच म्हणतात. पण कधीकधी गंजलेला बोल्ट दाखवला तरी हेच म्हणतात. इथे फिलिपिनो लोकांबरोबर काम केलेले, तिकडे राहिलेले बरेच जण आहेत. ऐकणाऱ्याने यातलं काय समजायचं?

खोडसाळपंत

आमच्या हापिसात साहेब दरवर्षी पगारवाढ 'बहाल' करतात, ती आली की आम्हीही 'बहाला ना' असंच म्हणतो.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कॅप्टन लोक येऊ द्या.

अण्णा_दापोली

यात कोडं काय आहे? त्यांच्या जुन्या देवाचं नाव बाथाला. 'बाथाला ना' म्हणजे 'आता देवाचं काम', त्याचंच पुढे 'बहाला ना' झालं. मी मुंबईत गोदीत होतो तेव्हा एका फिलिपिनो कुकनेच सांगितलेलं. थोडक्यात ही भक्ती आहे. आपले वारकरी विठ्ठलावर भार टाकतात तसं. कॅप्टन युरोपियन, त्याला हे कळणार नाही.

मुक्ता_के

अण्णा, ही व्युत्पत्ती फिलिपिन्समध्येही घरोघरी सांगितली जाते, त्यामुळे कुकचा दोष नाही. पण टागालोग भाषेत 'बहाला' हा जिवंत, रोजचा शब्द आहे आणि त्याचा अर्थ देव नसून जबाबदारी, काळजी असा आहे. 'आको आंग बहाला' म्हणजे 'ते माझ्याकडे लागलं'. 'बहाला का' म्हणजे 'तुझं तू बघ'. सरकारला ते 'पामाहालाआन' म्हणतात, तेही याच शब्दापासून. बऱ्याच अभ्यासकांच्या मते त्याचं मूळ संस्कृत 'भार'मध्ये आहे, म्हणजे तुमचा 'विठ्ठलावर भार' अगदीच परका नाही. पण भार कुणावर, हे 'बहाला ना'त सांगितलेलंच नसतं. सागरगोटा यांचा घोळ तिथूनच सुरू होतो असं मला वाटतं.

तुमच्या कॅप्टनचं मत नवं नाही, छापील आहे. लिन बॉस्ट्रॉम यांनी 1968 साली एका फिलिपिनो नियतकालिकात 'बहाला ना'ची अमेरिकन दैववादाशी तुलना केली. त्यानंतर 'फिलिपिनो माणूस दैववादी' हे वाक्य पाठ्यपुस्तकांत, व्यवस्थापनाच्या शिबिरांत रुळलं. मग 1970च्या दशकात फिलिपिन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेदो लाग्माय यांनी उलट टोकाने सुरुवात केली. शब्दाचा अर्थ बाजूला ठेवून त्यांनी पाहिलं, की लोक तो नेमका कधी उच्चारतात. त्यांना दिसलं, की माहिती अपुरी आहे, परिणाम हातात नाही आणि तरीही पाऊल टाकायचं आहे, अशा जागी हा शब्द येतो. म्हणणारा पळत नसतो, अनिश्चिततेत शिरत असतो, आणि पुढे जे समोर येईल त्याला हाताशी असेल त्याने तोंड देण्याची तयारी ठेवतो. त्यांनी याला जवळजवळ निर्धार म्हटलं.

कोरडा_पाषाण

म्हणजे अमेरिकनांनी वाईट म्हटलं म्हणून स्थानिकांनी चांगलं म्हटलं. राष्ट्राभिमानाचं मानसशास्त्र. कामाआधी 'बघू काय होतं ते' म्हणणाऱ्या मजुरालाही मग निर्धारी म्हणायचं का? मी बांधकामात आहे. हार्नेस न लावता वर चढणारा प्रत्येक जण असंच काहीतरी म्हणतो.

मुक्ता_के

राष्ट्राभिमानाचा भाग होताच, नाकारत नाही. व्हिर्गिलिओ एन्रिकेझ आणि त्यांच्या सोबत्यांनी तेव्हा 'सिकोलोहियांग पिलिपिनो' नावाची चळवळच उभी केली होती. आपल्या लोकांना आपल्या भाषेतून समजून घ्यायचं, परक्याच्या फूटपट्टीने मोजायचं नाही, असा तिचा आग्रह होता. पण आरोपही जुना होता हे विसरू नका. स्पॅनिश राजवटीत 'फिलिपिनो आळशी' असं सर्रास म्हणत. होसे रिझाल यांनी 1890 साली त्यावर लांबलचक लेखमाला लिहून दाखवलं, की वेठबिगारी आणि लुबाडणूक असताना जास्त राबून माणसाच्या पदरात काही पडत नसेल तर तो कशाला राबेल. दैववादाचा शिक्का हा त्याच शिक्क्याचा धाकटा भाऊ.

लाग्माय यांच्यावर टीकाही झाली आहे. चांगली बाजू दाखवण्याच्या नादात टाळाटाळीची बाजू त्यांनी हलकी केली, असा आक्षेप आहेच. तुमच्या हार्नेसवाल्याला मीही निर्धारी म्हणणार नाही.

म्हापशेकर

आमचं 'सुशेगाद' पण असंच बदनाम केलंय. चालू द्या.

प्रवासी_पल्लवी

छान धागा! आम्ही डिसेंबरात सेबू-बोहोल करतोय. व्हिसाचं सध्या काय चाललंय? शाकाहारी मिळतं का? तिथे हा शब्द वापरला तर लोक खूश होतील का?

खोडसाळपंत

पल्लवीताई, शाकाहारी जेवणाबद्दल विचारलंत तर हाच शब्द ऐकायला मिळेल. (व्हिसाचा धागा वेगळा आहे, प्रवास विभागात बघा.)

आरती_दुबई

मी दुबईत एका रुग्णालयात बिलिंगला आहे. आमच्या बहुतेक नर्स फिलिपिनो. माझी आई अचानक पुण्यात आजारी पडली तेव्हा माझी शिफ्ट, मुलाला शाळेतून आणणं, सगळं एका सहकारिणीने उचललं. ती एवढंच म्हणाली, 'आको आंग बहाला, ते.' ('ते' म्हणजे त्यांची ताई.) त्यामुळे ह्या शब्दात टाळाटाळ आहे असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. इतकी जबाबदार माणसं मी पाहिली नाहीत.

कोरडा_पाषाण

आरतीताई, सहकारिणीला नमस्कार, पण हा प्रश्नाला बगल देणारा प्रतिसाद झाला. 'मी बघते' आणि 'बघू काय होतं ते' यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. चर्चा दुसऱ्याची चालली आहे.

कॅप्टन_निवृत्त

रुमाल टाकून ठेवला होता, आता सविस्तर लिहितो. माझी बहुतेक सगळी नोकरी फिलिपिनो क्रूबरोबर झाली. दोन प्रसंग सांगतो. बोसन एकच, जहाज एकच.

पहिला. होल्डमध्ये लाकडाचे ओंडके भरून आणले होते. ज्यांनी हा माल वाहिलाय त्यांना ठाऊक असेल, ओलं लाकूड बंद होल्डमधला ऑक्सिजन खाऊन टाकतं. होल्डमध्ये उतरायची शिडी एका अरुंद बंद मार्गात असते, तिथली हवा हलत नाही, त्यामुळे वरचं हॅच उघडलं तरी तळाशी मरण साचून राहू शकतं. बंदरात पोचायच्या आधी चीफ मेटला शिडीच्या तळाशी अडकलेला बिल्ज सेन्सर बघून घ्यायचा होता. तरुण होता, घाई होती. त्याने तोंडाशी गॅस मीटर धरला, आकडा 20.9 आला, म्हणजे बाहेरच्या हवेइतका. परमिटवर सही झाली. मी ब्रिजवर रेडिओ ऐकत होतो. चीफ मेट म्हणाला, 'बोसन, यू कॅन गो.' उत्तर आलं, 'ओके सर. बहाला ना, सर.' आणि बारीकसं हसू.

मी काम थांबवलं. चीफ मेटला वर बोलावून घेतलं आणि बोसनला एकट्याला कॉफीला बसवून विचारलं, काय झालं? चार वेळा 'नथिंग सर' म्हणाला. मग म्हणाला, नळी पुरत नाही, सर. मीटरला जोडायची सॅम्पलिंगची नळी अर्ध्यावर संपत होती. वर, मध्ये आणि तळाशी, अशी तीन ठिकाणची हवा मोजायची असते. तळ कुणी मोजलाच नव्हता. दुसऱ्या होल्डची नळी आणून जोडली, खाली सोडली. मीटर ओरडायला लागला. तळाशी ऑक्सिजन 16 टक्क्यांच्याही खाली होता. तो आणि त्याच्या मागचा एबी दोघंही उतरले असते.

दुसरा प्रसंग त्याच कॉन्ट्रॅक्टमधला, उत्तर पॅसिफिकमध्ये. पुढच्या टोकाला एका व्हेंटिलेटरचं झाकण लाटांनी सैल झालं, बोसनच्या स्टोअरमध्ये पाणी जायला लागलं. कुणीतरी पुढे जायलाच हवं होतं. बोसन ब्रिजवर आला. म्हणाला, सर, वेग कमी करा आणि जहाज असं वळवा की मी जातो ती बाजू आडोशाला येईल. मग म्हणाला, लाइफलाइन दोन हव्यात, एक चालणार नाही. मग सोबतीला अमुक एबी पाहिजे, तो नवा पोरगा नको. दहा मिनिटं काचेतून लाटा बघत राहिला, मोठ्या लाटांमागून शांत लाटा कधी येतात त्याचा अंदाज घेत. हार्नेसचा हुक दोनदा ओढून पाहिला, माझ्याकडे बघितलं, 'बहाला ना' म्हणाला आणि गेला. काम करून परत आला.

शब्द तोच, आवाजही जवळपास तोच. फरक शब्दाच्या आधी होता. दुसऱ्या वेळी त्याने माझ्याकडे चार गोष्टी मागितल्या, पहिल्या वेळी एकही नाही. तेव्हापासून मी ऑफिसरांना सांगत आलो, हा शब्द ऐकलात की आधीच्या पाच मिनिटांत त्या माणसाने काय मागितलं ते आठवा. काहीच मागितलं नसेल तर काम थांबवा आणि एकट्याला गाठून विचारा. सगळ्यांसमोर विचाराल तर 'नथिंग सर' पलीकडे काही मिळणार नाही.

शब्दावर बंदी घालणाऱ्या कॅप्टनने आपला एक अलार्म स्वतःच्या हाताने बंद केला, असं माझं मत आहे.

सागरगोटा

कॅप्टनकाका, खूप आभार. एक विचारू? त्याने सरळ 'नळी पुरत नाही' असं का नाही सांगितलं? आमच्याकडे तर 'स्टॉप वर्क'चा अधिकार प्रत्येकाला आहे, पोस्टर पण लावलंय.

कॅप्टन_निवृत्त

पोस्टर माझ्याही जहाजावर होतं. आता त्याच्या जागी उभे राहून बघ. रेटिंगचं, म्हणजे साध्या खलाशाचं, कॉन्ट्रॅक्ट साधारण नऊ महिन्यांचं. ते संपलं की घरी, पगार बंद, पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळेपर्यंत मनिलाच्या एजन्सीच्या चकरा. त्यांच्या सरकारी नियमाप्रमाणे मूळ पगारातला किमान 80 टक्के भाग थेट घरी पाठवला जातो, म्हणजे त्या पगारावर किती पोटं आहेत ते बघ. तुझ्यासारखा एक ऑफिसर रिपोर्टमध्ये 'उलट बोलतो' असं लिहून गेला तर? त्यात चीफ मेटला चारचौघांत चूक दाखवणं म्हणजे त्याची लाज काढणं, ते त्यांच्यात फार वाईट मानतात. नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणवत नाही, अशा जागी तो हा शब्द वापरतो. तू त्याला टाळाटाळ म्हण, मी त्याला दबलेला नकार म्हणतो.

कोरडा_पाषाण

कॅप्टनसाहेब, मानलं. हार्नेस न लावणाऱ्या आमच्या लोकांनी माझ्याकडे कधी काही मागितलंय का, याचा विचार करतोय. पण एका माणसाचं ठीक, अख्ख्या गावाचं काय? 2013 साली योलांदा वादळ आलं, आपण ज्याला हैयान म्हणतो ते. सहा हजारांहून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी सरकार सांगत होतं घरं सोडा, लोक बसून राहिले. यालाच मी दैववाद म्हणतो.

किनारा_अभियंता

माझं काम किनाऱ्यावरच्या पूरधोक्याचं आहे, म्हणून या एका मुद्द्यावर लिहितो. योलांदाने उद्ध्वस्त केलेल्या ताक्लोबान शहराच्या बाबतीत 'लोक दैववादी होते म्हणून बसले' हे स्पष्टीकरण फार स्वस्त आहे.

इशारा दिला गेला होता, हे खरं. सात मीटरपर्यंत पाणी चढू शकतं असं त्यांच्या हवामान खात्याने म्हटलं होतं. पण सांगताना शब्द वापरला 'स्टॉर्म सर्ज'. लोकांना वादळ म्हणजे वारा आणि पाऊस हे माहीत. वर्षाला कितीतरी वादळं बघणारी माणसं ती. छपराला दोर बांधले, तांदूळ वर ठेवले, म्हणजे वादळाची तयारी केली. समुद्र स्वतःच उठून गावात येईल, हे त्या परक्या शब्दातून पोचलंच नाही. 'त्सुनामीसारखं पाणी येईल असं म्हटलं असतं तर पळालो असतो', असं वाचलेल्या कितीतरी लोकांनी नंतर सांगितलं. बऱ्याच घरांनी बायकामुलांना पुढे पाठवलं आणि पुरुष चोरीच्या भीतीने घर राखायला थांबले. आणि काही जण सांगितलेल्या निवारा केंद्रात गेले, तर पाणी त्या केंद्रातच शिरलं. ज्यांनी आज्ञा पाळली तेही त्यात गेले. त्यांना कुठल्या खात्यात टाकणार?

आता पुढचं. डिसेंबर 2014मध्ये, वर्षभरानंतर, रुबी नावाचं वादळ त्याच पूर्व समार-लेयते पट्ट्यावर आलं. योलांदापेक्षा कमी ताकदीचं होतं, हे मान्य. पण या वेळी दहा लाखांहून जास्त लोक आधीच हलले होते आणि मृत्यूंची संख्या शेकड्यातही गेली नाही. माणसं तीच, देव तोच, शब्दही तोच. एका वर्षात स्वभाव बदलत नसतो. पाणी म्हणजे काय, हे त्यांना आता ठाऊक होतं आणि सांगणाऱ्यांनीही सांगायची पद्धत सुधारली होती.

कोरडा_पाषाण

रुबीचं माहीत नव्हतं. पण तुम्ही स्वतःच म्हणताय वादळ कमी ताकदीचं होतं, मग मृत्यू कमी झाले ते लोक हलले म्हणून की वारा कमी म्हणून? दोन्ही असणार. आणि दुसरं, 'आमची माणसं किती चिवट, हसत हसत सोसतात' हे कौतुक तिथले पुढारीच सर्वात जास्त करतात. लोक हसत सोसत असतील तर भिंत बांधायची गरजच काय! लाग्माय यांचा निर्धार असा सरकारच्या कामी येतो.

मुक्ता_के

पाषाणराव, इथे तुमच्याशी पूर्ण सहमत. तिथले तरुणही आता हे 'चिवटपणाचं कौतुक' ऐकलं की संतापतात. मघाशी लिहिलं तसं त्यांचा सरकारसाठीचा शब्दच 'बहाला'पासून आलाय. ज्यांच्यावर भार, त्यांनीच 'बहाला ना' म्हटलं तर त्याला मी टाळाटाळच म्हणेन, तिथे दुसरा अर्थ शोधत बसणार नाही.

इतिहासवेडा

धाग्याला छोटा फाटा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात फिलिपिनो स्थलांतरितांची एक टेहळणी बटालियन होती. तिची माणसं पाणबुडीतून रात्री जपानव्याप्त बेटांवर उतरत, रेडिओ संच घेऊन. त्यांचं घोषवाक्य 'बहाला ना' होतं. रेडिओ, सांकेतिक लिपी, खोटी ओळख, सगळं शिकून उतरत असत, त्यामुळे कॅप्टनसाहेबांच्या कसोटीला उतरतात. दुसरीकडे फिलिपिन्सच्या तुरुंगांतली एक मोठी टोळीही याच नावाची आहे. त्यांनी आधी काय मागितलं ते विचारायला मी जाणार नाही.

खोडसाळपंत

टोळीने मागितलेलं सहसा मिळतं असा अनुभव आहे.

दवाओवाली

उशिरा येतेय, ड्यूटी होती. मी दवाओमध्ये मेडिकलला आहे, सध्या वॉर्डात क्लर्कशिप चालू आहे. (मूळची नांदेडची. इथे मराठी मुलं बरीच आहेत.)

आमच्याकडे परीक्षेच्या आधी 'बहाला ना सी बॅटमॅन' म्हणतात, म्हणजे आता बॅटमॅन बघून घेईल. रात्रभर वाचलेलीही म्हणते आणि पुस्तक न उघडलेलाही म्हणतो. तिथे कॅप्टनकाकांची युक्ती चालते, नोट्स कोण मागत होतं ते आठवायचं!

पण वॉर्डात मी अडते. इथे बिसाया बोलतात, शब्द मात्र हाच. डायलिसिस लागेल असं सांगितलं की नातेवाईक एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, 'देवाला बहाला'. सुरुवातीला मी फाइलवर 'उपचार नाकारले' लिहून मोकळी होत असे. आमच्या रेसिडेंट डॉक्टर म्हणाल्या, आधी विचार की पैशाचं काय. म्हणून आता विचारते. बहुतेक वेळा तेच निघतं. इथल्या सरकारी रुग्णालयांत 'मालासाकित सेंटर' नावाची खिडकी असते, 2019च्या कायद्याने पक्की झालेली. वेगवेगळ्या सरकारी योजनांची मदत एकाच ठिकाणी मागता येते. नातेवाइकाला हाताला धरून तिथे नेलं, बिलाचा काही भाग सुटला, तर तीच माणसं देवाचं नाव न घेता डायलिसिसला येतात. सगळ्यांना पुरत नाही, खेड्यावरून आठवड्यातून दोन-तीनदा यायचं भाडं कुठलीच खिडकी देत नाही, मग काही जण येणं बंद करतात.

अण्णा_दापोली

बाळा, तुझं काम मोठं आहे. पण तुम्ही सगळे मिळून आता देवाला हद्दपार करायला निघालात. कुणाकडे नळी नव्हती, कुणाकडे पैसे नव्हते. ज्याच्याकडे सगळं असूनही जो देवावर सोडतो, असा कुणी नसतोच का?

दवाओवाली

असतो, अण्णा. एक आजी होत्या, मुलगा जहाजावर फिटर, पैशाची अडचण नव्हती. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, डायलिसिस नाही केलं तर काय होईल, किती दिवसांत होईल, त्रास होईल का, हे त्यांनीच विचारलं. मग म्हणाल्या, पुरे झालं, घरी ने, पुढचं देवाला बहाला. मुलाने व्हिडिओ कॉलवर खूप समजावलं. त्यांनी ऐकलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आम्ही त्यांना धाप लागू नये म्हणून औषधं लिहून दिली.

गंमत म्हणजे त्यांच्या आणि भाड्याला पैसे नसलेल्यांच्या फाइलवर शेरा एकच पडतो, 'होम पर रिक्वेस्ट'. नंतर फाइल वाचणाऱ्याला दोघंही सारखेच दिसतात.

आरती_दुबई

आमच्याकडे बिलिंगमध्ये पण अगदी हेच. कारणाचा रकाना कुणी भरतच नाही.

मुक्ता_के

दवाओवाली, आजींनी आधी माहिती मागितली. म्हणजे कॅप्टनसाहेबांची कसोटी शरणागतीलाही लागू पडते की काय? मला मात्र शंका आहे. माहिती न मागता शांतपणे सोडून देणारे श्रद्धाळूही असतील, आणि मागायची सवयच नसलेले गरीबही. ते बाहेरून सारखेच दिसणार. प्रश्न न विचारणारा माणूस घाबरलाय की खरंच निवांत आहे, हे मला तरी ओळखता येणार नाही.

कॅप्टन_निवृत्त

मलाही नाही. जहाजावर ते ओळखायची गरज नसते, काम थांबवलं की झालं. वॉर्डात थांबवून चालत नाही. तिथलं मी सांगू शकत नाही.

सागरगोटा

सगळ्यांचे आभार. कॅप्टनला बंदी उठवा म्हणायची माझी पायरी नाही, पण चीफ मेटशी बोललो. टूलबॉक्स मीटिंगच्या शेवटी 'कुणाला काही प्रश्न?' असं विचारायचो, त्याला उत्तर कधीच यायचं नाही. आता मी प्रत्येकाला 'तुला आणखी काय लागेल?' असं नाव घेऊन विचारतो. पहिल्या दिवशी शांतता. दुसऱ्या दिवशी ऑइलरने नवे हातमोजे मागितले आणि कुकने कॅराओकेचा माइक. बोसन अजून काही मागत नाही.

कॅप्टनकाका, आमच्या मीटरची नळी मोजली, होल्डच्या तळापर्यंत पुरत नाही. दोन नळ्या जोडल्या तर आकडा बरोबर येतो का?

कॅप्टन_निवृत्त

येतो, पण लगेच नाही. नळी जितकी लांब तितका वेळ तळाची हवा मीटरपर्यंत यायला लागतो. दर मीटरला किती सेकंद थांबायचं ते मीटरच्या पुस्तिकेत असतं, ते वाच आणि त्याहून थोडं जास्तच थांब. जोडावर गळती असेल तर मीटर डेकवरचीच हवा ओढेल आणि तुला सुंदर 20.9 दाखवेल. म्हणून खाली सोडण्याआधी नळीचं टोक बोटाने दाबून बघ, पंप अडकल्याचा अलार्म वाजला पाहिजे. नाही वाजला तर जोड बदल. आणि एक सलग लांब नळी मागवून घे, मागणीपत्रावर बोसनची सही असू दे.